सावत्र लेकरू दूर ढकलते तेव्हा : घरात आलेल्या नव्या आईने काय करावे, काय टाळावे

आपल्या समाजात दुसरा निकाह ही लपवून ठेवायची गोष्ट नाही. बायको वारली, तलाक झाला, तर वर्ष-दोन वर्षांत घरचे लोकच पुन्हा स्थळ बघू लागतात. स्थळ बघताना उंची, वय, नोकरी, महर, सगळे विचारले जाते. मुलांबद्दल मात्र एकच वाक्य असते, "एक मुलगी आहे, लहान आहे, लागेल लळा." निकाह होतो, वलिमा होतो, पाहुणे जातात आणि मग ती 'लहान' मुलगी नव्या आईशी बोलतच नाही. हाताचे जेवत नाही, केसांना हात लावू देत नाही, काही विचारले तर पाठ फिरवून दादीच्या खोलीत जाते. नवी आई आधी खुशामत करते, मग खट्टू होते, मग रागावते. वर्षभरात घरात दोन तट पडलेले असतात.

या विषयावर आमच्याकडे सतत विचारणा होते. म्हणून या लेखात आम्ही एकच बाजू घेतली आहे. अम्मी वारलेली आहे, मूल नऊ ते तेरा वर्षांचे आहे आणि घरात नवी आई आली आहे. याच वयात आणि याच नात्यात ओढाताण सर्वांत जास्त दिसते. पाच वर्षांखालचे मूल बहुधा लवकर रुळते. मोठे मूल समजून घेऊन अंतर ठेवते. मधल्या वयाच्या मुलाला मात्र सगळे कळते, पण जे वाटते ते सांगायला शब्द नसतात.

एक घर

रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे एक घर डोळ्यांसमोर आणू. अब्बा कुवेतला कामाला, वर्षातून एकदा दोन महिने सुट्टीवर येतात. अम्मी तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारली. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत शिकते. तिला आजवर दादीने सांभाळले. आता दादीचे गुडघे चालत नाहीत, म्हणून सुट्टीत निकाह झाला. नवी आई एकतीस वर्षांची, तिचाही पहिला संसार मोडलेला, मूलबाळ नाही. मनात मोठी हौस, या लेकराला आपण आईची माया द्यायची. निकाहनंतर पाच आठवड्यांनी अब्बा विमानात बसले. घरात उरल्या तिघी.

पहिल्या महिन्यात मुलगी ठीक होती. नव्या आईने आणलेला ड्रेस तिने घातला, एकदा दोघी बाजारातही गेल्या. एका दुपारी दोघी शेजारी बसून मटार सोलता सोलता खूप हसल्या. आणि दुसऱ्याच दिवशी मुलगी सकाळपासून फुरंगटलेली. नवी आई केस विंचरायला गेली तर तिने फणी फेकली आणि म्हणाली, "तू माझी अम्मी नाहीस. हात लावू नकोस." नव्या आईला कळेना, कालपर्यंत सगळे बरे होते, मग आज काय झाले?

झाले ते कालच्या हसण्यामुळेच झाले. ही गोष्ट कळली की पुढचे बरेच काही सोपे जाते.

मूल का ढकलते

मुलाच्या मनात एक हिशेब चाललेला असतो, तो मोठ्यांना दिसत नाही. 'ही मला आवडायला लागली तर मी अम्मीला विसरले असे होईल.' या हिशेबात नवी आई जितकी चांगली, तितका धोका मोठा. वाईट वागणाऱ्या बाईला नाकारणे सोपे असते. प्रेमळ बाईला नाकारायला जोर लावावा लागतो. म्हणून अनेक घरांत चांगल्या दिवसानंतरच वाईट दिवस येतो. सहल, ईद, वाढदिवस, एकत्र हसणे, आणि पाठोपाठ भांडण. घरचे लोक म्हणतात, "हिचे काही खरे नाही, घटकेत गोड, घटकेत कडू." खरे तर ते मूल तराजूचे दुसरे पारडे सावरत असते.

दुसरे कारण जास्त सरळ आहे. मोठ्यांच्या दृष्टीने निकाह म्हणजे घरात एक माणूस वाढले. मुलाच्या दृष्टीने काहीतरी कमी झाले. आमच्या या घरात अब्बा रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचे आणि तो सबंध वेळ मुलीचा असायचा. आता कॉल आधी नव्या बायकोच्या मोबाईलवर येतो आणि मुलीला शेवटची पाच मिनिटे मिळतात. पूर्वी ती दादीजवळ झोपायची. आता 'मोठी झालीस' म्हणून तिला वेगळी गादी मिळाली. अम्मीची शिलाई मशीन माळ्यावर गेली. यातले काहीच कुणी वाईट हेतूने केलेले नाही. पण अकरा वर्षांच्या पोरीने ते मोजलेले असते आणि प्रत्येक बदलाची तारीख एकच आहे, नवी आई आली तो महिना.

तिसरे, अम्मीचे दुःख अजून संपलेले नसते. निकाह होईपर्यंत मुलाला कुठेतरी आत वाटत असते की हे घर अजून अम्मीचे आहे. नवी आई तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिली की अम्मी आता येणार नाही हे पक्के होते. तेव्हा जो राग निघतो तो मृत्यूवरचा असतो, पण समोर जे माणूस आहे त्याच्यावर तो येऊन पडतो.

ही कारणे समजली म्हणून मुलाचे वागणे थांबत नाही. पण नव्या आईच्या मनातला 'मी कुठे कमी पडले?' हा प्रश्न जागेवर येतो. ती कमी पडलेली नाही. ती लवकर जवळ गेली.

रागवायचे काम कुणाचे

सावत्र नाती सर्वांत आधी बिघडतात ती शिस्तीवरून. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातून दिसले ते आपल्याकडचे कुठलेही घर सांगेल. सावत्र पालक आल्या आल्या शिस्त लावायला गेला की मूल तुटते. आधी ओळख वाढवली आणि शिस्त सख्ख्या पालकाकडे राहू दिली, तर पुढे मूल त्याचेही ऐकू लागते.

पण आमच्या घरात सख्खा पालक कुवेतला आहे. आपल्या कोकणात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. तिथे अब्बा विमानतळावर जाताना बायकोला सांगून जातात, "आता तूच बघ हिच्याकडे." हे एक वाक्य नव्या आईला अडचणीत टाकते. मुलीने तिला अजून आपले मानलेले नाही आणि अभ्यास, मोबाईल, नमाज, झोप, सगळ्यांवरून टोकायचे काम मात्र तिच्याकडे आले.

यावर उपाय आहे आणि तो अब्बांनी करायचा आहे. निघण्यापूर्वी त्यांनी मुलीला समोर बसवून घरचे नियम स्वतःच्या तोंडाने सांगावेत. नियम थोडे ठेवावेत, चार-पाच पुरे. मोबाईल रात्री नऊनंतर दादीच्या कपाटात. शाळेचा अभ्यास मगरिबनंतर. बाहेर जाताना सांगून जायचे. मोठ्यांशी उद्धट बोलायचे नाही. मग तिच्यासमोरच सांगावे, "हे नियम माझे आहेत. मी नसताना दादी आणि ही ते पाळले जातात की नाही बघतील. कुणी मोडले तर मला कळवतील आणि मी तुझ्याशी बोलेन."

यामुळे नव्या आईची जागा बदलते. नऊ वाजता ती "मोबाईल दे, मी सांगते म्हणून" असे म्हणत नाही. ती म्हणते, "नऊ झाले. अब्बांचा नियम आहे, दादीच्या कपाटात ठेव." मुलगी चिडेल, पण वाद अब्बांच्या नियमाशी होईल, या बाईच्या हक्काशी होणार नाही. खालाकडे सुट्टीत राहायला गेल्यावर खाला जशी घरचे नियम पाळायला लावते, पण आई व्हायला बघत नाही, तसे हे आहे. पहिल्या दोन वर्षांसाठी खालाचे हे माप नव्या आईने डोळ्यांसमोर ठेवावे.

मुलगी तिला उद्धट बोलली तर? गप्प बसून सोसायचे असे आम्ही म्हणत नाही. तिने तिथल्या तिथे एका वाक्यात सांगावे, "मी तुझी अम्मी नाही हे खरे आहे. पण या घरात आपण एकमेकींशी असे बोलत नाही." आवाज चढवायचा नाही, मागचे उकरायचे नाही, वाक्य संपले की आपल्या कामाला लागायचे. पुढचे अब्बांनी त्याच दिवशी फोनवर मुलीशी बोलायचे. अब्बा "लहान आहे, सोडून दे" म्हणून टाळत राहिले, तर मुलीला कळते की या बाईला काहीही बोलले तरी चालते आणि नव्या आईला कळते की ती घरात एकटी आहे.

एक सावधगिरी हवी. कळवणे म्हणजे रोजची चुगली नव्हे. रोज रात्री नवरा-बायकोच्या बोलण्यात मुलीच्या तक्रारी असतील, तर अब्बा दुरून चिडतात, कॉलवर मुलीला झापतात आणि मुलीच्या मनात पक्के होते की हिने माझे अब्बा माझ्यापासून तोडले. म्हणून नियम मोडल्याचेच सांगावे, तोंड वाकडे केल्याचे सांगू नये. आणि मुलीचा कॉल तिला परत द्यावा. रात्री आधी वीस मिनिटे अब्बा आणि मुलगी, खोलीत दुसरे कुणी नाही. नंतर नवरा-बायको. ही एवढी अदलाबदल महिनाभरात घरातले ताण उतरवते.

समोर बसू नका, शेजारी बसा

लॉरेन्स गनॉंग आणि मॅरिलिन कोलमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९९ मध्ये सावत्र पालक मुलांशी जवळीक कशी साधतात यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, काही सावत्र पालक लग्नाआधी मुलाला जिंकायला बरेच काही करतात आणि एका छताखाली आले की थांबतात. जे नंतरही प्रयत्न चालू ठेवतात त्यांचेच नाते टिकते. दोन, सगळ्या कुटुंबाने मिळून केलेल्या गोष्टींपेक्षा, दोघांनीच मिळून केलेली आणि मुलाच्या आवडीची गोष्ट जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे याच्या उलट होते. नवी आई मुलीला समोर बसवून विचारते, "तुला माझ्यात काय आवडत नाही? मी काय करू म्हणजे तू खूश होशील?" अकरा वर्षांच्या मुलीकडे याचे उत्तर नसते. समोरासमोरचे बोलणे तिला पेपरसारखे वाटते. किंवा मग महागड्या वस्तू येतात. मूल वस्तू घेते आणि त्याला वाटते, मला विकत घेतले जात आहे.

त्यापेक्षा हाताला काम असलेला, थोडा आणि ठरलेला वेळ बरा. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटे. काम मुलीने निवडायचे. आमच्या या मुलीला मेंदी काढायला आवडते. नव्या आईने तिला शिकवायला जाऊ नये. आपला हात पुढे करावा आणि म्हणावे, "माझ्या हातावर काढतेस? मला जमत नाही." यात मुलगी वरचढ आहे, डोळे हातावर आहेत, बोलायची सक्ती नाही. मेंदी बिघडली तरी तशीच मिरवावी. पहिल्या तीन-चार वेळा ती एक शब्द बोलणार नाही. पाचव्या वेळी कदाचित शाळेतल्या मैत्रिणीबद्दल अर्धे वाक्य बोलेल. त्या अर्ध्या वाक्याला सल्ला देऊ नये. "अच्छा, मग?" एवढेच पुरे.

मुलगी "नको" म्हणाली तर काय करायचे? "बरं, मी बसलेय इथे, वाटलं तर ये" असे म्हणून खरोखर बसावे. रुसू नये, आणि दुसऱ्यांदा विचारू नये. मात्र पुढच्या ठरल्या दिवशी पुन्हा विचारावे. मूल दर वेळी दार लोटून बघत असते, ही बाई निघून जाते का. ती निघून जात नाही हे दहा-वीस वेळा पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. अम्मी निघून गेलेली आहे, हे त्याने एकदा पाहिलेले आहे.

अंगाला हात लावायची घाई करू नये. केस विंचरणे, मिठी, कपाळाचा पापा, या गोष्टी अम्मीच्या होत्या. त्या मुलीने स्वतःहून मागेपर्यंत थांबावे. तोवर वेणी दादीने घालावी, दादीचे हात दुखत असले तर शेजारच्या चाचीने घालावी. यात नव्या आईचा कमीपणा नाही.

अम्मीची जागा

पुष्कळ घरांत नव्या सुनेचे मन दुखू नये म्हणून पहिलीच्या खुणा आवरून ठेवतात. फोटो पेटीत जातात, तिचे नाव घेतले की सगळे गप्प होतात, नानीकडे जाणे-येणे कमी होते. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. अम्मीचे नाव बंद झाले की मुलाला वाटते, आता तिला लक्षात ठेवणारे मी एकटेच उरलो. मग ते ही राखण जास्तच कडक करते.

मुलाच्या मनातला तो हिशेब सोडवायचा एकच मार्ग आहे. नवी आई आणि अम्मी यांच्यात निवड करायची नाही, हे त्याला मोठ्यांनी कृतीतून दाखवायचे. अब्बांनी एकदा स्पष्ट सांगावे, "तुझी अम्मी तुझी अम्मीच राहील. हिला तिची जागा घ्यायची नाही. तुला ही आवडली तरी अम्मीला वाईट वाटणार नाही." हे शेवटचे वाक्य अनेक मुलांना कुणी कधी म्हटलेलेच नसते. नानीने ते म्हटले तर त्याची ताकद दुप्पट. म्हणून नानीशी संबंध तोडू नयेत. जमले तर नव्या आईने स्वतः मुलीला नानीकडे सोडायला जावे, अंगणात दहा मिनिटे बसावे आणि परत यावे. नानीच्या तोंडून "बरी आहे गं ती" एवढे निघाले, तरी मुलीच्या छातीवरचा दगड हलतो.

आमच्या घरात शिलाई मशीन माळ्यावर गेली होती. नव्या आईने ती खाली उतरवून मुलीच्या खोलीत ठेवायला सांगितली आणि विचारले, "अम्मी काय शिवायची यावर?" मुलगी उत्तर न देता बाहेर गेली. पण संध्याकाळी तिने मशीनवरची धूळ पुसलेली होती. अम्मीच्या साड्या, दुपट्टे, दागिने, यांच्याबद्दलही असेच करावे. वाटून टाकण्यापूर्वी मुलीला विचारावे आणि तिला हवे ते तिच्या नावाने बाजूला ठेवावे. अम्मीच्या मालमत्तेत मुलीचा शरीअतप्रमाणे हिस्सा असतो. तो नव्या संसारात मिसळून गेला, तर पुढे हाच वाद मोठा होतो.

अम्मीच्या इंतकालचा दिवस, तिची आवडती ईद, मुलीचा शाळेतला बक्षीस समारंभ, हे दिवस अवघड जाणार हे आधीच धरून चालावे. त्या दिवशी नव्या आईने मागे राहावे. मुलीबरोबर अम्मीच्या मगफिरतीची दुआ मागितली, तर ते शंभर भेटवस्तूंपेक्षा मोठे काम आहे. पण मुलीला एकटीने मागायची असेल तर तेही चालू द्यावे.

काय म्हणून हाक मारायची

"अम्मी म्हण" ही सक्ती पहिल्या दिवसापासून सुरू होते. बहुतेक वेळा ती नवी आई करत नाही, शेजारच्या बायका आणि फुफी करतात. मुलीला हा शब्द गिळवत नाही, म्हणून ती काहीच हाक मारत नाही. "ए", "ती", "दादी, तिला सांग" असे चालते आणि घरच्यांना ते उद्धटपण वाटते. यावर साधा तोडगा म्हणजे तिला दोन-तीन शब्द सुचवून निवडू द्यावे. खाला, छोटी अम्मी, बाजी. जे तिच्या तोंडात बसेल ते. पुढे कधी ती स्वतःहून बदलेल. बदलले नाही तरी नाते कच्चे ठरत नाही.

आपल्या दीनी परंपरेतही मुलाची मूळ ओळख पुसायला सांगितलेले नाही. सूरह अहजाबमध्ये मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारण्याचा हुकूम आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे शोहर अबू सलमा (रजि.) उहुदच्या जखमेने वारले. त्यानंतर हिजरी ४ मध्ये त्यांचा निकाह प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी झाला. त्या मुलांना घेऊन आल्या. ती मुले प्रेषितांच्या घरात वाढली, पण इतिहास त्यांना आजही उमर बिन अबी सलमा आणि झैनब बिन्त अबी सलमा या त्यांच्या बापाच्या नावानेच ओळखतो. याच उमर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटात सगळीकडे फिरायचा. तेव्हा प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घ्यायला, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खायला सांगितले. उमर (रजि.) सांगतात की त्यानंतर आपली जेवायची पद्धत तीच राहिली. सावत्र पालकाने ही हदीस दोनदा वाचावी. एकत्र एका ताटात जेवण आहे, चूक त्याच वेळी, थोडक्यात आणि न झिडकारता सांगितली आहे. नाते आधी, सुधारणा त्याच्या ओघात.

मोठ्या मुलामुलींच्या मनात आणखी एक शंका असते, ती ते विचारत नाहीत. नव्या आईसमोर मुलाने कसे वावरायचे? सूरह निसामध्ये बापाची बायको मुलासाठी कायमची हराम सांगितली आहे, म्हणजे ती महरम आहे. तसेच आईचा नवा शोहर, त्यांचा संसार सुरू झाल्यावर, तिच्या मुलीसाठी महरम होतो. हे नाते नुसते सोयीचे नाही, त्याला दर्जा आहे. मात्र महरम असणे आणि जवळचे वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीला संकोच वाटत असेल तर तिची खोली, कपडे बदलायची जागा, दार वाजवून आत येणे, हे सांभाळलेच पाहिजे. वारसाहक्कही सावत्र नात्याने मिळत नाही. सावत्र लेकराला काही द्यायचे असेल तर हयातीत हिबा करता येतो किंवा एक तृतीयांशपर्यंत वसियत करता येते. हे आधी बोलून ठेवले तर सख्ख्या-सावत्रात संशय राहत नाही.

दादी आणि शेजार

आमच्या घरात खरी अडचण मुलगी एकटी नव्हती. नवी आई सकाळी घावणे करायची, मुलगी खायची नाही, आणि दादी गुपचूप तिला बिस्किटे द्यायची. दादीचा जीव तुटायचा, पण मुलीला निरोप असा जायचा की हिचे नाकारणे बरोबर आहे. दुसरीकडे शेजारीण येऊन मुलीला विचारायची, "काय गं, जेवायला देते ना नीट?" असा प्रश्न रोज कानावर पडला, तर मूल सावत्र आईत खोट शोधायला शिकते.

दादीला यात वाईट ठरवून उपयोग नाही. तिने आपली सून गमावली आहे आणि आता नातही हातून जाईल अशी तिला भीती आहे. तिच्याकडून दोनच गोष्टी मागाव्यात. ताटातले खायचे नसेल तर मुलीने ते स्वतः सांगावे, मागच्या दाराने दुसरे मिळणार नाही. आणि शेजारणीने विचारले की दादीनेच उत्तर द्यावे, "आमच्या घरचे बरे चालले आहे." नव्या आईनेही एक करावे, मुलीला अम्मीच्या हातची कोणती वस्तू आवडायची ते दादीकडून शिकून घ्यावे. पण करून वाढताना "अम्मीसारखीच केलीय" असे म्हणू नये. चवीची तुलना मुलगी करणारच आणि त्यात ती हरलेली बरी.

किती दिवस, आणि सुधारतेय हे कसे कळावे

सावत्र कुटुंबांवर आयुष्यभर काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाउ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या मते, लवकर रुळणाऱ्या कुटुंबालाही साधारण चार वर्षे लागतात आणि बऱ्याच जणांना सात किंवा त्याहून जास्त. हे ऐकून धास्ती वाटेल, पण आम्हाला यात दिलासा दिसतो. सहा महिन्यांत मूल जवळ आले नाही म्हणून काही चुकले असे होत नाही.

सुधारणेच्या खुणा छोट्या असतात आणि मोठे लोक त्या पाहत नाहीत. मुलगी त्याच खोलीत अभ्यासाला बसली आणि उठून गेली नाही. तिने तक्रार दादीकडे न करता थेट नव्या आईकडे केली. भांडण झाले, पण आधी दोन दिवस अबोला असायचा, तो आता संध्याकाळी सुटतो. ताप आला तेव्हा तिने पाणी मागितले. शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची घ्यायची ते विचारले. आमच्या घरात दहाव्या महिन्यात मुलीने कुवेतच्या कॉलवर अब्बांना सांगितले, "हिला मेंदी अजिबात काढता येत नाही, मीच शिकवतेय." अब्बांना त्यात काही विशेष वाटले नाही. नवी आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्यानंतरही ईदच्या दुसऱ्या दिवशी फणी पुन्हा फेकली गेली. या वेळी तिला कारण माहीत होते. तिने फणी उचलली, खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "बरं. दादीला बोलावते."

कुठे थांबून मदत घ्यावी

ढकलणे, रुसणे, न बोलणे हे या वयाचे आणि या दुःखाचे असते. काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. महिनाभर मूल नीट जेवत किंवा झोपत नाही. बंद झालेले अंथरुणात लघवी करणे पुन्हा सुरू झाले. शाळेत जायला नकार आहे, गुण एकदम घसरले, मैत्रिणी सुटल्या. स्वतःला इजा करते किंवा "मला अम्मीकडे जायचंय" असे मरणाच्या अर्थाने बोलते. हे शेवटचे ऐकल्यावर एक दिवसही वाट पाहू नये आणि मुलाला एकटे सोडू नये. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात दाखवता येते. मूल घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या ठराविक माणसालाच टाळत असेल, घाबरत असेल, तर त्याला सावत्रपणाचा रुसवा समजू नका. शांतपणे विचारा आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

नव्या आईलाही हद्द असते. रोज नाकारले जाणे माणसाला खाते. तिचा राग मुलीवर निघू लागला, हात उचलावासा वाटू लागला किंवा ती दिवसेंदिवस गप्प होत गेली, तर तिला काही दिवस माहेरी पाठवावे, मागे कुणी टोमणा मारू नये, आणि अब्बांनी सुट्टी वाढवून घेता येते का ते बघावे. फक्त जाताना तिने मुलीला सांगून जावे की कोणत्या वारी परत येणार, आणि त्याच वारी परत यावे.